शंभर वॅटच्या दिव्यात उष्णता अडते कुठे?

गोदामाच्या छताला, शाळेच्या मैदानावर किंवा लग्नाच्या मांडवाबाहेर टांगलेला १०० वॅटचा एलईडी फ्लडलाइट आता सगळीकडे दिसतो. त्याच्या पाठीमागे धातूच्या पातळ पात्यांची जी रांग असते, तिला हीट सिंक म्हणतात. दिव्याच्या वजनात मोठा वाटा तिचाच असतो आणि दिवा किती वर्षे नीट चालणार, हेही बऱ्याच अंशी तीच ठरवते. ही पाती जवळजवळ नेहमी अ‍ॅल्युमिनियमची असतात. तांबे उष्णता जास्त चांगली वाहून नेते हे शाळेत सगळेच शिकलेले असतात. त्यामुळे इलेक्ट्रिकच्या दुकानात हमखास ऐकू येते की कंपन्या पैसे वाचवायला अ‍ॅल्युमिनियम वापरतात. तांब्याचा हीट सिंक असता तर दिवा दुप्पट टिकला असता. पैशाचा भाग खरा आहे. दुप्पट टिकण्याचा भाग मात्र आकडे मांडले की उरत नाही. तो का उरत नाही हे कळले, की तांब्याची खरी गरज कुठे पडते तेही कळते.

जुन्या पिवळ्या बल्बची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापायची. बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा, पण ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने काचेतून बाहेर फेकली जायची. एलईडीचे तसे नाही. त्याच्या पांढऱ्या उजेडाबरोबर उष्णतेचे किरण जवळजवळ बाहेर पडत नाहीत, म्हणून त्याच्यासमोर हात धरला तर चटका बसत नाही. पण १०० वॅटपैकी साधारण ३५ वॅटचाच उजेड होतो. उरलेले ६५ वॅट चिपमध्येच उष्णता म्हणून राहतात आणि त्यांना बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे पाठीमागच्या धातूतून.

शिवाय ही उष्णता फार लहान जागेत निर्माण होते. बाजारात मिळणाऱ्या १०० वॅटच्या सीओबी मॉड्यूलमध्ये छोट्या चिप्स दहा-दहाच्या दहा ओळींत बसवलेल्या असतात आणि त्या सगळ्या मिळून जेमतेम सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचा पिवळा चौकोन भरतो. ६५ वॅट त्या चौकोनावर वाटले तर दर चौरस सेंटिमीटरला ११-१२ वॅट येतात. कपड्यांच्या हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळाला हा आकडा साधारण निम्मा असतो. इस्त्री तापावी म्हणूनच बनवलेली असते. इथे मात्र त्याहून दाट उष्णता निर्माण होत असताना चिप शक्य तितकी थंड ठेवायची आहे.

चिप तापली म्हणून लगेच काही दिसत नाही, ही या दिव्यांची खरी अडचण आहे. तापमान वाढले की त्याच विजेत उजेड काही टक्क्यांनी कमी पडतो, पण डोळ्यांना ते जाणवत नाही. पुढे काही महिन्यांत पिवळा फॉस्फर आणि त्यावरचे सिलिकॉन खराब होऊ लागते, उजेडाचा रंग बदलतो आणि झळाळी उतरते. दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर त्याच पेटीत बसवलेला असेल, तर त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी दगा देतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. एलईडी बनवणारे आपल्या चिप्स ५५, ८५ अशा ठरावीक तापमानांना किमान ६,००० तास पेटत्या ठेवून तपासतात आणि त्यावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज काढतात. खोक्यावर ५०,००० तास छापलेले असले, तरी तो आकडा त्या तापमानाच्या अटीसह वाचायचा असतो. चिप १०५ अंशांवर चालत असेल तर त्या छापील तासांवर विसंबता येत नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा आपला हीट सिंक १६ सेंटिमीटर लांब-रुंद आहे. त्याचा तळ आठ मिलिमीटर जाड आहे आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीची, चार सेंटिमीटर उंचीची १४ पाती आहेत. सगळी पाती आणि मधली जागा धरली तर हवेला लागणारा पृष्ठभाग ०.२ चौरस मीटर, म्हणजे दोन चौरस फुटांहून थोडा जास्त भरतो. पंखा नाही. तापलेली हवा पात्यांमधून आपोआप वर चढते आणि खालून थंड हवा येते, तेवढ्यावरच भिस्त आहे. पात्यांना काळे अ‍ॅनोडायझिंग केलेले आहे.

अशा शांत हवेत एक चौरस मीटर पृष्ठभागावरून, दर अंशाच्या फरकामागे, हवा साधारण पाच वॅट उचलते. त्यात बाहेरच्या बाजूंनी किरणांच्या रूपाने जाणारी थोडी उष्णता मिळवली तर हा अख्खा हीट सिंक दर अंशामागे सुमारे १.३ वॅट बाहेर टाकतो. ६५ वॅट टाकायचे असतील तर त्याला भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी जास्त तापावेच लागेल. या ५० अंशांच्या हिशेबात धातू कोणता हे कुठेच आले नाही. हवेला फक्त पृष्ठभाग किती, त्याचे तापमान किती आणि तो रंगवलेला आहे की चकचकीत, एवढ्याशीच देणेघेणे असते. तांबे असो की अ‍ॅल्युमिनियम, हे ५० अंश तेवढेच राहतात.

धातूचा संबंध येतो तो उष्णता त्या छोट्या चौकोनापासून दूरच्या पात्यापर्यंत पोचवण्यात. एक्स्ट्रूजनसाठी वापरतात त्या ६०६३ मिश्रधातूची उष्णतावाहकता सुमारे २०० असते, शुद्ध तांब्याची सुमारे ४००; एकक वॅट प्रति मीटर प्रति अंश. म्हणजे तांबे दुप्पट चांगले. मधोमध असलेल्या चौकोनातून उष्णता तळभर पसरताना अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण नऊ अंश खर्ची पडतात. तांब्यात तेच साडेचार होतील. पुढे पात्याच्या बुंध्यापासून टोकापर्यंत जाताना अ‍ॅल्युमिनियममध्येही जेमतेम दोन अंशांचा उतार पडतो, कारण चार सेंटिमीटर उंचीच्या पात्याला शांत हवेत इतकी कमी उष्णता वाहायची असते की धातू तिथे अडसरच ठरत नाही. या दोन अंशांमुळे एकूण हिशेबात सरासरी एका अंशाचा तोटा होतो. तांब्यात अर्ध्या अंशाचा.

बेरीज केली तर अ‍ॅल्युमिनियमच्या दिव्यात मॉड्यूलखालचा तळ हवेपेक्षा सुमारे ६० अंश गरम राहतो आणि तांब्याच्या दिव्यात ५५ अंश. पुण्यात पावसाळ्यानंतरच्या ३० अंशांच्या संध्याकाळी ९० विरुद्ध ८५. चंद्रपूरला मे महिन्यात सूर्य मावळल्यावरही हवा ४० अंशांवर असेल, तर १०० विरुद्ध ९५. तांब्याने पाच अंश वाचवले हे खरे, आणि पाच अंश काही क्षुल्लक नाहीत. पण त्याची किंमत पाहा. हा हीट सिंक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ९०० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याच मापाचा तांब्याचा तीन किलोंच्या वर जातो, कारण तांबे आकारमानाला सव्वातीन पट जड आहे. बाजारात किलोला तांब्याचा भावही अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट असतो. म्हणजे तेवढ्याच आकाराला नुसत्या धातूचे दहापट किंवा त्याहून जास्त पैसे पडतात. खांब, ब्रॅकेट, भिंतीतले बोल्ट या सगळ्यांना दोन किलोंचा जादा भार सोसावा लागतो तो वेगळाच.

तेच पाच अंश अ‍ॅल्युमिनियममध्ये कसे मिळतात? हीट सिंक अडीच सेंटिमीटरने लांब करायचा. पृष्ठभाग १५ टक्क्यांनी वाढतो, ५० अंशांचे ४३-४४ होतात, आणि वजन वाढते फक्त दीडशे ग्रॅमच्या आसपास. एक्स्ट्रूजनची पट्टी लांबच लांब येते आणि हवी तिथे कापायची असते, त्यामुळे यात नवे यंत्र किंवा नवा साचा काहीच लागत नाही. तांब्याच्या बाबतीत ही सोयही नाही. तापवलेले अ‍ॅल्युमिनियम साच्याच्या फटींतून पातळ, उंच पात्यांसकट सहज दाबून काढता येते. तांब्याला त्यासाठी फार जास्त तापमान आणि दाब लागतो. म्हणून तांब्याची पाती ठोकळ्यातून तासून उभी करावी लागतात किंवा एकेक पत्रा डाखावा लागतो. मजुरी तिथेच वाढते.

अ‍ॅनोडायझिंगचा उल्लेख वर सहज येऊन गेला, पण तो सहज सोडण्यासारखा नाही. उघडे, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उष्णता किरणांच्या रूपाने फारच कमी सोडते. आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी. अ‍ॅनोडायझिंग केल्यावर तोच पृष्ठभाग आदर्शाच्या सुमारे आठ दशांश देतो. आपल्या हीट सिंकवर हा थर नसता तर ५० अंशांऐवजी जवळपास ५८ अंश लागले असते. एका पातळ थराने आठ अंश मिळतात, तर सगळे अ‍ॅल्युमिनियम काढून तांबे घातल्याने पाच. घासून लख्ख केलेले तांबे या बाबतीत उघड्या अ‍ॅल्युमिनियमइतकेच वाईट असते. शो-केसमधल्या लालसर चकचकीत हीट सिंकवर ग्राहक भुलतात, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

दुकानात हात लावून करायची परीक्षाही इथे फसवते. दोन दिवे शेजारी पेटवून पाच मिनिटांनी हात लावला तर तांब्याचा खरोखरच थंड लागेल. अ‍ॅल्युमिनियम तोवर १९ अंशांनी तापलेले असेल आणि तांबे १४. त्याच आकाराच्या तांब्याच्या ठोकळ्यात उष्णता साठवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी जास्त असते, म्हणून ते सावकाश तापते. पण साठवणे म्हणजे बाहेर टाकणे नव्हे. तासाभरात दोघेही आपापल्या मुक्कामाला पोचतात आणि पात्यांवरचा फरक जवळजवळ संपतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची परीक्षा तासाभरानंतरच घ्यायला हवी. दोन मिनिटांसाठी पेटवायच्या टॉर्चला मात्र ही साठवण खरोखर उपयोगी पडते.

टॉर्चचे नाव निघालेच आहे, तर तांबे जिंकते ती जागाही तिथेच आहे. प्रखर टॉर्चमधला एकच एलईडी साडेतीन मिलिमीटर लांब-रुंद असतो आणि त्यातून सहा वॅट उष्णता निघू शकते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ५० वॅट. आपल्या फ्लडलाइटच्या चौपट दाटी. हा एलईडी ज्या छोट्या गोल प्लेटवर डाखलेला असतो, ती सहसा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि वरच्या तांब्याच्या पातळ पट्ट्या व खालचे अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये विजेला अडवणारा एक थर असतो. तो थर मिलिमीटरचा दहावा भाग जाड असला तरी उष्णतेलाही अडवतो. इतक्या लहान जागेतून सहा वॅट नेताना एकट्या त्या थरात पंधरा-वीस अंश जाऊ शकतात.

प्लेट तांब्याची असेल तर एलईडीच्या पोटाखालचा मधला पॅड थेट तांब्यावर डाखता येतो आणि तिथे तो थर ठेवावाच लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर साधे डाख धरत नाही, म्हणून ही सोय तांब्याचीच. मग त्या जागी पंधरा-वीस अंशांऐवजी दोन-तीन अंशच जातात. यातला मोठा फायदा तांब्याच्या दुप्पट वाहकतेतून आलेला नाही, मधला थर गेल्यातून आलेला आहे. एक अट मात्र आहे: एलईडीचा तो मधला पॅड विजेच्या दोन्ही टोकांपासून अलग असला पाहिजे, नाहीतर प्लेटमधूनच वीज वाहील. ही प्लेट पुढे टॉर्चच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्यात घट्ट बसवली की काम झाले. दाटीच्या जागी दोन-चार ग्रॅम तांबे आणि पुढे पसरलेले अ‍ॅल्युमिनियम, ही माझ्या मते या दोन धातूंची सर्वांत शहाणपणाची वाटणी आहे.

मोठ्या दिव्यांतही हेच सूत्र चालते. रंगमंचावरच्या किंवा प्रोजेक्टरमधल्या दिव्यांत एलईडीखाली तांब्याचा ठोकळा असतो, त्यातून तांब्याच्या हीट पाइप निघतात आणि त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत शिरतात. हीट पाइपच्या आत थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी होते आणि त्या फेऱ्यात ते भरीव तांब्यापेक्षा कितीतरी पट उष्णता वाहून नेते. तिथे पंखाही असतो. पंख्याच्या जोरदार हवेत पातळ, उंच पात्यांना इतकी उष्णता वाहावी लागते की टोकापर्यंत पोचता पोचता तापमान बरेच उतरते आणि तांब्याचे पाते खरेच सरस ठरते. संगणकाच्या कूलरमध्ये तांबे दिसते ते म्हणूनच. तिथली समजूत बिनपंख्याच्या दिव्याला तशीच लावली, की ती चुकते.

आपल्या फ्लडलाइटचे मॉड्यूलही पाहून घ्यावे. चांगल्या १०० वॅट सीओबीचा तळ मुळात तांब्याचा असतो, वरून निकेलचा मुलामा असतो आणि तो असायलाच हवा, कारण दाटी तिथेच आहे. हलक्या मालात त्या जागी अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंडही सापडते. लोहचुंबक चिकटला तर तळ लोखंडी आहे, आणि लोखंड उष्णता वाहण्यात तांब्याच्या पाचव्या-सहाव्या भागालाही पोचत नाही. कडेला कानसीने हलकेच घासले तर लाल रंग दिसतो की पांढरा, हेही कळते.

पुढचा सांधा म्हणजे मॉड्यूल आणि हीट सिंक यांमधली फट. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी मध्ये हवा राहतेच. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा सलग हवेचा थर राहिला तर ६५ वॅट पार करायला शंभराहून जास्त अंश लागतील, म्हणजे दिवा जळेल. तीच फट हीट सिंक कंपाउंडने भरली तर दोन अंशांत काम भागते. जाड थर लावला म्हणून जास्त फायदा होत नाही. धातूला धातू भिडावा आणि उरलेले खड्डे फक्त भरावेत. चारही स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळले तर मॉड्यूल एका बाजूने उचलले जात नाही. हा सांधा बिघडलेला असेल तर तांब्याचे पाच अंश कुठल्या कुठे हरवतात.

नुसते ‘अ‍ॅल्युमिनियम’ एवढे कळूनही भागत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांचे कवच आणि हीट सिंक पुष्कळदा एकाच तुकड्यात डायकास्टिंगने ओतलेले असतात. देशात २०१५ पासून महापालिकांचे जुने सोडियम दिवे मोठ्या प्रमाणावर बदलले गेले, तेव्हापासून असे दिवे गावोगाव पोचले. त्यासाठी वापरतात तो एडीसी१२ मिश्रधातू सिलिकॉनमुळे साच्यात छान वाहतो, पण त्याची उष्णतावाहकता शंभराच्याही थोडी खाली असते. म्हणजे एक्स्ट्रूजनच्या ६०६३च्या निम्मी. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात जेवढे अंतर, तेवढेच अंतर या दोन अ‍ॅल्युमिनियममध्ये आहे. आपल्या उदाहरणात तळ एडीसी१२चा असता तर पसरण्यात नऊऐवजी अठरा अंश गेले असते. म्हणून ओतीव दिव्यात एकच मोठा सीओबी बसवण्यापेक्षा बरेच छोटे एलईडी विखरून बसवतात. उष्णता मुळातच पसरलेली असली, की धातूला तेवढे कष्ट पडत नाहीत.

हातात असलेल्या दिव्यात अडचण कुठे आहे, हे मल्टिमीटरबरोबर येणाऱ्या थर्मोकपलने ओळखता येते. दिवा तासभर पेटू द्यावा. मग मॉड्यूलच्या अगदी कडेला तळाचे तापमान घ्यावे आणि नंतर सर्वांत बाहेरच्या पात्याच्या टोकाचे. दोन्हींत दहा-पंधरा अंशांचाच फरक असेल तर धातू आपले काम नीट करतो आहे. अशा दिव्याला तांबे लावून काही मिळणार नाही. त्याला जास्त पृष्ठभाग, उभी पाती किंवा मोकळी हवा हवी. फरक तीस अंशांच्या पुढे असेल तर तळ पातळ आहे किंवा मिश्रधातू हलका आहे, आणि तिथे जाड तळाचा किंवा तांब्याच्या पट्टीचा विचार करावा. हीट सिंक कोमट आणि मॉड्यूलची कड मात्र चटका देणारी असेल, तर दोष सांध्यात आहे. इन्फ्रारेड गनने मोजायचे असेल तर त्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून त्यावर मोजावे, कारण चकचकीत धातू गनला खऱ्यापेक्षा खूप थंड दिसतो.

कोकण किनाऱ्यावर मात्र वेगळी काळजी लागते. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले आणि मधल्या फटीत खारा ओलावा शिरला की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. सांध्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागली, की आतला सपाट पृष्ठभाग खड्डे पडून खराब होतो आहे असे समजावे. मग कंपाउंडखाली फटी वाढतात आणि दिवा वर्षागणिक जास्त तापत जातो. वेंगुर्ल्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर लावायच्या दिव्यात तांब्याचा तुकडा असलाच, तर त्यावर निकेलचा मुलामा हवा, भोवती गॅस्केट पक्के हवे आणि बाहेरच्या पात्यांवर जाड अ‍ॅनोडायझिंग किंवा पावडर कोटिंग हवे. यातले काही नसेल, तर तिथे संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचाच, पण आकाराने थोडा मोठा हीट सिंक घ्यावा.